रकाराची दोन रूपे: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’

प्रथम संज्ञा निश्चित करू. देवनागरीतील प्रत्येक व्यंजनचिन्हात ‘अ’ हा स्वर अंगभूत असतो. दुसरा स्वर अभिप्रेत असल्यास त्याचे चिन्ह व्यंजनाला जोडले जाते आणि अंगभूत ‘अ’ लोपतो. व्यंजनानंतर स्वर न येता दुसरे व्यंजन आले, तर त्या दोहोंचे मिळून जोडाक्षर होते.

स्वरचिन्हांची स्थाने चार आहेत : उजवीकडे (का, की), डावीकडे (कि), खाली (कु, कृ) आणि वर (के, कै). ऱ्हस्व इकाराची वेलांटी उच्चारात नंतर असूनही लेखनात आधी येते. ‘स्थिती’ या शब्दात ती संपूर्ण ‘स्थ’च्या डावीकडे उभी राहते. यावरून पहिला सिद्धांत निघतो : स्वरचिन्ह एकट्या व्यंजनाला नव्हे, तर संपूर्ण जोडाक्षराला लागते.

जोडाक्षरांचे प्रकारही चार मानता येतात. १) दंड गाळून : न्य, प्त. २) खाली जोडून : द्ध, ट्ट. ३) स्वतंत्र आकृती होऊन : क्ष, ज्ञ. ४) रकाराने. पहिल्या तीन प्रकारांत आकृती केवळ घटक दाखवते. चौथ्या प्रकारात स्थान निर्णायक असते. ‘र’ दुसरा असेल, तर तो तिरपी रेघ (क्र) किंवा खालचे चिन्ह (ट्र) होतो. ‘र’ पहिला असेल, तर मराठीत त्याची दोन रूपे होतात : वर जाणारा रफार (र्य) आणि शिरोरेषेखाली डावीकडे जोडलेली वक्र रेघ (ऱ्य). दुसरे रूप प्रामुख्याने ‘य’ आणि ‘ह’ यांच्यापूर्वी येते : दुसऱ्या, तऱ्हा.

या दोन रूपांचे कारण उच्चारात आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. येथे ‘र्’चा आघात मागील अक्षरावर येतो. शब्द ‘दर्-या’ असा फुटतो, ‘द’ गुरू होतो आणि मात्रा चार होतात. ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. येथे आघात नाही, विभागणी ‘द-ऱ्या’ अशी आहे, ‘द’ लघूच राहतो आणि मात्रा तीन होतात. रफाराचे चिन्ह आघात नोंदवते, वक्र रेघ त्याचा अभाव नोंदवते.

मात्रांची कसोटी मात्र अपुरी आहे. ‘आचार्यास’ (गुरूला) आणि ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्याला) यांत ‘चा’ मुळातच गुरू असल्याने मात्रा समान येतात. तेथे व्युत्पत्तीची कसोटी लावावी. नवी मुंबईतील खाडीकाठचे दिवाळे हे कोळ्यांचे गाव घेऊ. विभक्तिप्रत्ययापूर्वी ‘दिवाळे’चे ‘दिवाळ्या-’ होते : अंत्य स्वर जातो आणि ‘य’ येतो. याच प्रक्रियेने ‘किनारा’चे ‘किनाऱ्या-’, ‘वारा’चे ‘वाऱ्या-’ आणि ‘आचारी’चे ‘आचाऱ्या-’ होते. म्हणून नियम असा : मूळ शब्दाच्या शेवटी ‘रा’, ‘री’ किंवा ‘रे’ असून रूपसिद्धीत ‘य’ नव्याने आला असेल, तर ‘ऱ्य’ लिहावे. ‘सूर्य’, ‘आचार्य’, ‘दर्या’ यांप्रमाणे ‘य’ मूळ शब्दातच असेल, तर रफार द्यावा. ‘दिवाळ्याच्या किनाऱ्यावरचे कोळी दर्यात जातात’ या वाक्यात दोन्ही रूपे आपापल्या कारणाने येतात.

संगणकावर हा भेद आपोआप होत नाही. साध्या ‘र’ला (U+0930) हलन्त (U+094D) आणि ‘य’ जोडल्यास नेहमी रफारच मिळतो. वक्र रेघेसाठी नुक्तायुक्त ‘ऱ’ (U+0931) घ्यावा लागतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ J कळीवर आहे, तर ‘ऱ’साठी Shift सह तीच कळ दाबावी लागते. ‘दऱ्या’ची संकेतमाला अशी होते :

```
द + ऱ + ् + य + ा
```

जुन्या लेखनाशी सुसंगतीसाठी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (U+200D) असा दुसरा क्रमही मान्य आहे. दोन्ही क्रमांची आकृती एकच दिसते, पण संकेत भिन्न असल्याने एका क्रमाने शोधलेला शब्द दुसऱ्या क्रमाने लिहिलेल्या मजकुरात सापडत नाही. त्यामुळे शब्द डोळ्यांना दिसत असूनही शोधात मिळत नसेल, तर प्रथम याच दोषाची शंका घ्यावी. ‘वाऱ्या’ऐवजी ‘वार्या’ उमटले असेल, तर दोष निराळा : तेथे ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’ टंकलेला असतो.

तात्पर्य, जोडाक्षराची आकृती घटकांवरून ठरते, परंतु आरंभीच्या रकाराची आकृती शब्दाच्या घडणीवरून ठरते. म्हणून ‘र्य’ की ‘ऱ्य’ हा प्रश्न पडल्यास अक्षराकडे न पाहता मूळ शब्दाकडे जावे.