अर्धाध्यक्षीय शासनपद्धती
अध्यक्षीय आणि संसदीय या दोन शासनपद्धतींची काही लक्षणे एकत्र असलेली शासनपद्धती. जनतेने प्रत्यक्ष निवडलेला व काही वास्तविक अधिकार असलेला राष्ट्राध्यक्ष आणि विधिमंडळाला जबाबदार असलेले पंतप्रधान व मंत्रिमंडळ ही तिची लक्षणे होत. फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्यूव्हर्जे याने १९७० मध्ये ही संज्ञा रूढ केली.

शासनपद्धतींची तुलना करताना अधिकारांच्या याद्या समोरासमोर मांडण्याची प्रथा आहे. तथापि कार्यकारी सत्तेला पदावरून कोण दूर करू शकतो, हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठी निवडला जातो. काँग्रेसचा विश्वास गमावला म्हणून त्याला पद सोडावे लागत नाही; महाभियोगाची तरतूद आहे, परंतु तिच्याद्वारे आजवर एकही अध्यक्ष पदच्युत झालेला नाही. याउलट संसदीय पद्धतीत एका मतानेही सरकार जाते. ब्रिटनमध्ये १९७९ साली जेम्स कॅलाहन यांचे व भारतात १९९९ साली अटलबिहारी वाजपेयी यांचे मंत्रिमंडळ असेच पडले. अर्धाध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्षाची मुदत निश्चित असते, पंतप्रधानाची नसते. एकाच कार्यकारी सत्तेचे हे दोन भाग दोन वेगळ्या निवडणुकांवर उभे असतात आणि तेथेच तिची खरी अडचण आहे.

फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६–५८) बारा वर्षांत वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली व गेली. यावर उपाय म्हणून द गॉलच्या प्रेरणेने १९५८ चे संविधान तयार झाले. प्रारंभी राष्ट्राध्यक्षाची निवड लोकप्रतिनिधींच्या निर्वाचक मंडळाकडे होती. १९६२ मध्ये द गॉलने ती सार्वमताने थेट जनतेकडे नेण्याचे ठरविले. चिडलेल्या राष्ट्रीय सभेने पाँपीदू मंत्रिमंडळावर अविश्वासाचा ठराव संमत केला. द गॉलने सभाच विसर्जित केली; सार्वमत आणि निवडणूक दोन्ही त्याने जिंकली.

संविधानाच्या शब्दांत पाहता राष्ट्राचे धोरण ठरविण्याचे काम सरकारचे आहे (अनुच्छेद २०) आणि पंतप्रधानाला बडतर्फ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिलेला नाही. व्यवहार मात्र निराळा घडला. मे १९७२ मध्ये पंतप्रधान शाबाँ-देल्मास यांनी सभेचा विश्वास मोठ्या बहुमताने मिळविला. तरीही राष्ट्राध्यक्ष पाँपीदू यांच्या इच्छेनुसार जुलैमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. सभेतील बहुमत राष्ट्राध्यक्षाच्या बाजूचे असल्याने ते हे करू शकले. अशा काळात फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष अमेरिकी अध्यक्षापेक्षाही प्रबळ ठरतो, कारण त्याला विधिमंडळाशी झगडावे लागत नाही.

हे बहुमत फिरल्यावर काय होते, ते १९८६ मध्ये दिसले. मार्चच्या निवडणुकीत उजव्या पक्षांना बहुमत मिळाले आणि समाजवादी राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांना विरोधी पक्षाचे झाक शिराक यांना पंतप्रधान नेमावे लागले. यास ‘सहजीवन’ म्हणतात. शिराक यांनी ६५ सरकारी उद्योगांच्या खाजगीकरणासाठी वटहुकूम तयार केला. १४ जुलै रोजी मितेराँ यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. पेच निर्माण झाला, तरी तो टिकला नाही. शिराक यांनी तोच मजकूर विधेयकरूपाने संसदेपुढे ठेवला व ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्षाला विलंब करता आला, धोरण अडविता आले नाही. परराष्ट्रधोरण व संरक्षण यांवरील त्याची पकड तेवढी काही अंशी टिकली. संविधानातील एकही शब्द न बदलता देश जवळजवळ संसदीय पद्धतीने चालू लागला.

१९९३–९५ व १९९७–२००२ या काळात सहजीवनाची पुनरावृत्ती झाली. पुढे ते टळावे म्हणून २००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत सातवरून पाच वर्षे, म्हणजे राष्ट्रीय सभेच्या मुदतीइतकी करण्यात आली. २००२ पासून सभेची निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतर लगेच होऊ लागली व बहुमत बहुधा विजयी राष्ट्राध्यक्षाच्या मागे येऊ लागले.

थेट निवडणूक हे एकच लक्षण मात्र पुरेसे नाही. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष जनतेकडून निवडला जाऊनही मुख्यतः औपचारिक असतो. द्यूव्हर्जेने त्या देशाचाही समावेश या वर्गात केला, यावर अनेकांनी आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त वाटतो.

राष्ट्राध्यक्षाचे किंवा विरोधकांचे, कोणाचेच बहुमत नसेल, तर या पद्धतीकडे तयार उत्तर नाही. जून २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी सभा विसर्जित केली. नव्या सभेत तीन मोठे गट आले आणि एकालाही बहुमत मिळाले नाही. विसर्जनानंतरच्या निवडणुकीपासून वर्षभर पुन्हा विसर्जन करता येत नाही (अनुच्छेद १२), त्यामुळे १९६२ चा द गॉलचा मार्गही बंद होता. डिसेंबर २०२४ मध्ये बार्निए यांचे मंत्रिमंडळ ३३१ मतांच्या अविश्वासाच्या ठरावाने पडले; १९६२ नंतर संमत झालेला असा हा पहिलाच ठराव. त्यानंतरचे बायरू यांचे मंत्रिमंडळही सप्टेंबर २०२५ मध्ये विश्वासाचे मत गमावून गेले. या दोन्ही वेळी राष्ट्राध्यक्ष आपल्या पदावर कायम होते.