हँडओव्हर पत्रक, परिचारिकांचे (मेडिकल वॉर्ड)

ड्यूटी बदलताना जाणारी परिचारिका येणाऱ्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवते, त्या वेळी वापरायचा तक्ता. त्यात प्रत्येक खाटेसाठी एक ओळ असते : रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक, निदान, सलाईन व नळ्या, उरलेली कामे आणि धोक्याच्या दोन खुणा. पहिली खूण पडण्याच्या धोक्याची, दुसरी दाबव्रणाची म्हणजे बेडसोरची.

गुणांकन. पडण्याच्या धोक्यासाठी मोर्स मापनश्रेणी (० ते १२५) आणि दाबव्रणासाठी ब्रेडन मापनश्रेणी (६ ते २३) प्रचलित आहेत. त्यांची दिशा उलटी असते. मोर्सचे गुण वाढले की धोका वाढतो. ब्रेडनचे गुण घटले की धोका वाढतो. मोर्स ४५ किंवा अधिक असल्यास बहुतेक ठिकाणी धोका जास्त मानतात; ब्रेडन १८ किंवा कमी असल्यास दाबव्रणाचा धोका धरतात. त्यामुळे पत्रकात नुसता आकडा लिहिल्यास घोटाळा होतो. श्रेणीचे नाव, धोक्याची पातळी आणि गुण काढल्याची वेळही लिहावी लागते.

उदाहरण. न्यूमोनियाने दाखल झालेल्या ७२ वर्षांच्या मधुमेही आजी. गेल्या महिन्यात घरी पडल्या होत्या (२५), दुसरा आजार आहे (१५), वॉकर लागतो (१५), सलाईन चालू आहे (२०), चाल अशक्त आहे (१०), भान नीट आहे (०). मोर्स ८५. ब्रेडन १४, म्हणजे मध्यम धोका. माकडहाडाजवळ लाली असून बोटाने दाबल्यावर ती फिकी होत नाही. ही दाबव्रणाची पहिली पायरी.

या आजींना कूस बदलायला लावायचे, पण एकट्याने उठू द्यायचे नाही. म्हणून खुणेपुढे काम लिहितात : ‘रात्री ८ला डाव्या कुशीवर, १०ला उजव्या. पाठीवर नको. लघवीची गोळी संध्याकाळी ६ला दिली; शौचालयास सोबत जावे. बेल हाताशी.’ गोळीची वेळ महत्त्वाची, कारण लघवीच्या घाईत रुग्ण कुणाला न बोलावता उठतात.

त्रुटी व पडताळणी. मागच्या पाळीचे गुण तसेच उतरवणे हा नेहमीचा दोष. झोपेचे औषध सुरू झाले, ग्लानी आली किंवा रुग्ण पडला, की गुण नव्याने काढावे लागतात. चार पाळ्या ‘ब्रेडन १४’ असताना रुग्णाचे जेवण मात्र बंद झाले असेल, तर आकडा शिळा आहे हे ओळखावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत ऊब, कडकपणा किंवा दुखरेपणा तपासावा लागतो. त्यामुळे धोक्याची खूण असलेल्या रुग्णाचा हँडओव्हर खाटेपाशी होतो. दोघी मिळून रुग्णाला कुशीवर वळवतात, पाठ व टाचा पाहतात आणि मगच पत्रकावर दोघींच्या सह्या होतात. पत्रक हे स्मरणासाठी असते. मूळ नोंद रुग्णाच्या केसपेपरमध्येच करावी लागते.