इचिमोकू ढग : रेषा आणि जाडीचे वाचन

इचिमोकू किन्को ह्यो ही जपानी पत्रकार गोइची होसोदा यांनी विकसित केलेली भाव-आलेखाची पद्धत. तिच्या पाचांपैकी चार रेषा नेहमीच्या सरासरीवर नव्हे, तर मध्यावर उभ्या आहेत. ठरावीक सत्रांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव घेऊन त्यांच्या बेरजेला दोनाने भागायचे. असा ९ सत्रांचा मध्य म्हणजे तेन्कान-सेन, २६ सत्रांचा म्हणजे किजुन-सेन. पहिली जवळची चाल सांगते, दुसरी महिन्याभराचा तोल. या दोन रेषांचा मध्य २६ सत्रे पुढे मांडला की सेन्को स्पॅन ए मिळते. ५२ सत्रांचा मध्य तितकाच पुढे मांडला की सेन्को स्पॅन बी. या दोहोंमधली रंगवलेली जागा म्हणजे कुमो, अर्थात ढग. पाचवी चिको स्पॅन आजचा बंद भाव २६ सत्रे मागे मांडते. ढगाच्या घडणीत तिचा वाटा नाही.

ढग जाड असेल तर आधार भक्कम, असे सर्रास सांगितले जाते. गणित मात्र वेगळे बोलते. एखादा शेअर ५२ सत्रे रोज २ रुपयांनी चढत गेला, तर ९ सत्रांचा मध्य ४ सत्रे मागच्या भावावर असतो, २६ सत्रांचा साडेबारा सत्रे मागच्या. म्हणून ए सुमारे सव्वाआठ सत्रे मागे पडते आणि बी साडेपंचवीस. अंतर सव्वासतरा सत्रांचे, म्हणजे साडेचौतीस रुपये. चढ रोज ४ रुपयांचा असता तर जाडी ६९ झाली असती. जाडी मोजते ती चालीचा वेग, आणि आजच्या भावाखालचा ढग २६ सत्रांपूर्वीच्या आकड्यांतून बनलेला असल्याने तो वेगही तेव्हाचा.

यावर आक्षेप येईल, की जाड ढगावर भाव थांबताना दिसतो. दिसतो खरा, पण एवढे अंतर उतरायलाच वेळ लागतो, आणि चढत्या बाजारात खालची कड असलेली बी दीर्घ पट्ट्याचा नेमका मध्य असते. अर्धी चढण परत गेली की खरेदीदार पुढे येणे स्वाभाविक आहे. ती कड सपाट असेल, तर ५२ सत्रांच्या पट्ट्याची टोके तेवढा काळ बदलली नव्हती, असा अर्थ.

पातळ ढगाचेही तसेच. भाव ४०० ते ५०० मध्ये हेलकावत असेल आणि २६ व ५२ सत्रांत दोन्ही टोके शिवली असतील, तर किजुन आणि बी दोन्ही ४५० वर येतात. तेन्कान ४६० असली तर ए ४५५. हेलकावा १०० रुपयांचा, ढग ५ रुपयांचा! भाव तो वारंवार ओलांडतो, कारण बाजाराला दिशाच नसते. अशा जागी ढग ओलांडल्याला संकेत मानू नये. जाडी नेहमी त्याच शेअरच्या रोजच्या सरासरी चढउताराशी ताडून पाहावी. नुसत्या रुपयांत दोन शेअरांच्या ढगांची तुलना करणे व्यर्थ आहे.