आजीचं गाणं शोधताना

आजी गेली त्याला दोन वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात चुलत बहिणीने घरच्या ग्रुपवर विचारलं, “आजी ते लांबलचक गाणं म्हणायची, कुणाला येतं का?” धुळ्याच्या आत्याने लगेच लिहिलं, “जात्यावरचं गं.” पाच मिनिटांत आणखी तिघांनी ‘हो, जात्यावरचंच’ म्हणून टाकलं. त्यातल्या एकाने तर जातं उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

माझी पहिली चूक तिथेच झाली. चार जणांचं एकमत म्हणजे पुरावा, असं मी धरलं आणि महिनाभर जात्यावरच्या ओव्या धुंडाळत बसलो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या ओव्या लाखाहून जास्त आहेत. त्यात आजीचं गाणं सापडेना, कारण शोधायचं काय हेच मला माहीत नव्हतं. शब्द कुणालाच आठवत नव्हते. खरं तर ग्रुपवर साक्षीदार एकच होता, आत्या. बाकीच्यांनी तिची आठवण उसनी घेतली होती.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. आत्या, जळगावचे काका आणि आई, प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला आणि दुसऱ्याने काय सांगितलं ते कुणालाच कळू दिलं नाही. शब्द विचारायचे नाहीत असंही ठरवलं. शब्द विचारले की माणूस अडकतो, नाहीतर सिनेमातलं काहीतरी जोडून देतो. त्याऐवजी विचारलं: आजी कुठे बसली होती? हात काय करत होते? सोबत कोण म्हणत होतं? गाणं संपल्यावर काय व्हायचं? प्रत्येक उत्तरापुढे एक खूण केली, स्वतः पाहिलेलं की ऐकीव.

आत्या म्हणाली, आजी जात्यावर तुरीची डाळ भरडायची तेव्हा ती शेजारी बसायची. गाण्यात कुणीतरी माहेरी जाऊ द्या म्हणतं, एवढंच तिला आठवत होतं. आई म्हणाली, “भाजीचं गाणं होतं. कडू काहीतरी. सुरुवातीला पेरतात, मग ते वाढत जातं.” काका हसले. “मला गाणं नाही, डबा आठवतो. गाणं संपलं की डबा उघडायचा. लांबलं की आम्ही पोरं वैतागायचो.”

वरवर पाहिलं तर ही तीन वेगळी गाणी होती. एक जात्याचं, एक भाजीचं, एक खाऊचं.

पहिला धागा काकांच्या डब्याने दिला. खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली गुलाबाई बसवतात. गुलाबाई आणि गुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती असतात, रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी होतात. शेवटी झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. विदर्भात हीच भुलाबाई. काकांनी मुलींच्या मागे फिरून खाऊ खाल्ला होता, म्हणून त्यांना गाण्यातला शेवटच तेवढा आठवत होता.

मग जात्याचं काय? आत्या खोटं सांगत नव्हती. मी तिला म्हटलं, “शब्द सोड, नुसता ताल टेबलावर वाजवून दाखव.” तिने वाजवला तो टिपऱ्यांचा, झटपट आणि ठसक्याचा. ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर सावकाश चालते, तिचा हा ताल नव्हे. म्हणजे आजी लहानपणचं गुलाबाईचं गाणं पुढे घरकाम करताना एकटीच म्हणायची. प्रसंग दोन होते आणि दोन्ही खरे होते.

आता तिन्ही आठवणी एका वाक्यात बसत होत्या: गुलाबाईत म्हणायचं साखळीचं गाणं, ज्यात सून माहेरी जायला परवानगी मागते आणि सासू तिला आधी काहीतरी कडू पेरायला लावते. एवढं लिहिलं आणि ओळख पटली. कारल्याच्या वेलाचं गाणं! पुण्याकडच्या भोंडल्यात म्हणतात तेच. सासू म्हणते बी पेर, मग जा. बी पेरलं की म्हणते कोंब येऊ दे, मग वेल, मग फूल, मग कारलं. सुनेचं जाणं दर वेळी एक पायरी पुढे सरकतं.

आम्हाला ते ओळखता आलं नव्हतं, कारण आजीचं माहेर शिंदखेड्याकडचं. तिचं गाणं अहिराणीत होतं, त्यात ‘माझं’ नव्हतं, ‘मन्हं’ होतं. लग्न होऊन ती यावलकडे आली, तिथली लेवा बोली वेगळी. घरातल्या मुलांना ते ‘आजीचं खास’ वाटलं आणि आमच्या पिढीला प्रमाण मराठीतलं भोंडल्याचं गाणं वेगळं वाटलं. गावागणिक शब्द बदलतात, टिकते ती पायऱ्यांची साखळी.

पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. एकदा फसलो होतोच. म्हणून एक परीक्षा ठेवली. आजीची धाकटी बहीण, आमची मावशीआजी, अजून धुळे जिल्ह्यात आहे आणि ग्रुपवर नाही. माझा तर्क बरोबर असेल, तर फुलानंतर काय येतं ते तिने न सुचवता सांगायला हवं. मी कारल्याचं नाव न घेता विचारलं, “फूल आल्यावर सासू काय म्हणते?”

“कारलं लागू दे म्हणते,” मावशीआजी म्हणाली. “मग भाजी कर म्हणते. तुला रे कुठून ठाऊक?”

गाणं सापडलं. शेवट मात्र जुळेना. आत्याच्या आठवणीत सून माहेरी जाते. काकांच्या आठवणीत सासू सासऱ्याला विचार म्हणते, सासरा दिराला विचार म्हणतो आणि असं टोलवत नवऱ्यापर्यंत जातं. असे शेवट इतर ठिकाणीही म्हणतात. मावशीआजी म्हणाली, “आक्का भाजीपर्यंत म्हणायची आणि थांबायची. लग्नानंतर पहिल्या आखाजीला आमचा मुराळी तिला आणायला गेला होता. रिकामा परत आला.”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा खानदेशात लेकींचा माहेरी येण्याचा सण. त्या वर्षी झोका आजीशिवायच बांधला गेला.

चुलत बहिणीचं म्हणणं होतं की तिन्ही मिळून एक छान गाणं लिहून काढू, शेवट आत्याचा ठेवू, मुलींना शिकवायला बरं. मलाही मोह झाला. पण ओव्या जमवणाऱ्यांची एक शिस्त तोवर माझ्या लक्षात आली होती: प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं आणि गावाचं नाव. दोघींनी एकच ओवी थोडी वेगळी म्हटली तर दोन्ही राहतात. शोधण्यासाठी आठवणींचं एक वर्णन करावंच लागतं, त्याशिवाय ओळख पटत नाही. शब्दांचंही तसंच केलं, तर कुणीच कधी न म्हटलेलं गाणं तयार होतं आणि पुढच्या पिढीला ते आजीचं वाटतं.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी काही गाणी उतरवून ठेवली होती. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. वहीत जे होतं तेच पुस्तकात येऊ शकलं.

आमच्या वहीत आता तीन पानं आहेत, आत्याचं, काकांचं आणि मावशीआजीचं. प्रत्येकावर नाव, गाव आणि कुणाकडून ऐकलं ते लिहिलंय. मावशीआजीचं पान भाजीशी संपतं. त्याखाली मी जागा मोकळी सोडली नाही, रेघ मारली.