वेताळाचा वारसा: मुखवटा एक, माणसे एकवीस

मार्च 1964 मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू झाले आणि ली फॉक यांचा ‘फँटम’ भारतीय वाचकांच्या घरी पोहोचला. मराठी आवृत्तीत तो ‘वेताळ’ झाला. गावाच्या वेशीवरचा, भुतांचा राजा असलेला वेताळ आपल्या परिचयाचा होताच. त्यामुळे न मरणाऱ्या पुरुषाला हे नाव चपखल बसले.

मात्र हा वेताळ अमर नाही. कथेनुसार 1536 मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका खलाशाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतली. त्याच्यामागून प्रत्येक पिढीत मुलाने तीच शपथ घेऊन तोच पोशाख चढवला. आपण वाचतो तो एकविसावा. जंगलातील लोकांना मात्र चारशे वर्षे एकच माणूस दिसतो.

17 फेब्रुवारी 1936 रोजी ही चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा ही वंशावळ फॉक यांच्या मनात नव्हती. जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुणच मुखवट्याआड असावा, असा त्यांचा बेत होता. पहिली कथा चालू असतानाच त्यांनी तो बदलला.

या वारसाला वाचकांनी कधी नाकारले नाही. विसावा वेताळ आपला कधी नव्हताच, मग त्याच्या जाण्याचे दुःख कसले? शिवाय हे गुपित जंगलाला ठाऊक नाही, आपल्याला आहे. वाचक कटात सामील असतो. (पानिपतानंतर पुण्यात गाजलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवावा. ‘मी तोच’ हा दावा दोघांचाही; पण वेताळामागे शपथ आणि रक्ताचे नाते आहे, तोतयाच्या वाट्याला 1776 मध्ये देहदंड आला.)

वाचकांच्या डोळ्यांदेखत गादी बदलते, तेव्हा प्रकरण अवघड होते. 1959 पासूनचा ‘ग्रीन लँटर्न’ हॅल जॉर्डन. 1994 मध्ये प्रकाशकांनी त्याला अल्पावधीत खलनायक केले आणि अंगठी काइल रेनर या नवख्या चित्रकाराच्या हाती जवळजवळ योगायोगाने दिली. संतप्त वाचकांनी संघटित होऊन मोहीम उघडली. माझ्या मते राग काइलवर नव्हता. हॅलला ज्या रीतीने पदच्युत केले, त्या रीतीवर होता. दहा वर्षांनी हॅल परतला.

याउलट ‘फ्लॅश’ बॅरी ॲलन 1985 मध्ये जगाला वाचवताना मरण पावला आणि पोशाख वॉली वेस्टकडे आला. वॉली 1959 च्या अखेरीपासून बॅरीचा शागीर्द म्हणून वाचकांसमोर वाढला होता. गुरूचे मरण सन्मानाचे होते, आणि ‘मी त्यांच्या तोडीचा नाही’ ही सल शिष्य पुढे कित्येक वर्षे वागवत राहिला. जी तुलना वाचक करणार होते, ती वॉली आधीच स्वतःशी करत होता. त्यामुळे अनेकांना पुढे तोच खरा फ्लॅश वाटू लागला.

वेताळाच्या घरी 1979 मध्ये जुळी जन्मली, किट आणि हेलोईस. म्हणजे बावीसावा वारस आता वाचकांसमोरच वाढतो आहे, आणि एकविसावा आपला आहे.