लक्ष्मीबाईंची प्रत आणि एक शब्द

छापखाना आला आणि धर्मातली सत्ता भटांच्या, भट्टारकांच्या हातून सुटली, असं माध्यमांच्या इतिहासात ठोकळ्यानं लिहितात. ते खोटं नाही, पण ती सुटली कशी ते कुणी सांगत नाही. आपल्या दिगंबर समाजात याची एक गोष्ट आहे. तिच्यात मिरजेचा एक उपाध्ये आहे, त्याची बायको आहे, आणि शेवटी आपल्या, म्हणजे बायकांच्या, मोक्षावरचा एक शब्द आहे. बेळगाव-निपाणीकडच्या माणसांना तर ही अगदी घरचीच वाटेल.

धवला हा आपला सर्वांत मोठा सिद्धांतग्रंथ. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची ही टीका नवव्या शतकातली. तिची ताडपत्रं फक्त मूडबिद्रीला होती, प्राकृत-संस्कृत मिश्र भाषेत आणि जुन्या कन्नड लिपीत. यात्रेकरू जायचे, लांबून दर्शन घ्यायचे, परत यायचे. आत काय लिहिलंय हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नसे. ग्रंथ वाचायचा नसतो, त्याचे पाय धरायचे असतात, अशी समजूत. मठाचं आणि त्या क्षेत्राचं महत्त्वही त्यावरच उभं होतं. ज्याच्याकडे पोथी, त्याच्याकडे लोक येणार.

मुंबईचे सेठ माणिकचंद हिराचंद १८८३ च्या सुमारास यात्रेला गेले, तेव्हा त्यांनी ती ताडपत्रं पाहिली. त्यांनी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींना सांगितलं. हिराचंदांनीच १८८४ साली सोलापुरात ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सुरू केलं. शास्त्र छापावं असं म्हणणाऱ्यांतले ते पुढारी. त्या काळी हे म्हणणं सोपं नव्हतं. शाई कशाची, रुळाला लावतात तो सरस कशाचा, छापलेला कागद उद्या वाण्याच्या पुडीला जाईल त्याचं काय, असे आक्षेप यायचे. आज हसू येतं, पण अहिंसा पाळणाऱ्या घरात ते प्रश्न खरे होते. त्यांच्या आड दुसरी एक भीती होती, ती मात्र कुणी बोलून दाखवत नसे. घरोघरी पुस्तक गेलं की पंडिताला कोण विचारणार?

हिराचंदांनी वर्गणी जमवली, आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करायची परवानगी मिळाली. पण नक्कल मूडबिद्रीतच राहणार, बाहेर जायची नाही, असं ठरलं. काम श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींकडे आणि मिरजेच्या गजपती उपाध्यांकडे आलं. ब्रह्मसूरी लवकर वारले. गजपतींनी एकट्यानं पुढं नेलं. धवला आणि जयधवला नागरीत उतरवायला सोळा वर्षं गेली, म्हणतात.

आता लक्ष्मीबाईंकडे येऊ. त्या गजपतींच्या पत्नी, शिकलेल्या. गजपती दिवसा मठात लिहायचे, आणि नवरा-बायकोनं मिळून गुपचूप कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. जी पोथी उघडून बघायचा हक्क भल्याभल्यांना नव्हता, ती एका बाईच्या हाताखालून अक्षर-अक्षर गेली. इतिहासात तिच्यावर दोन ओळींपेक्षा जास्त मला सापडलं नाही.

ही प्रत गजपतींनी विकायला काढली. आधी माणिकचंद, हिराचंद यांना दाखवली. गंमत बघा, ज्यांनी एवढा खटाटोप केला त्यांनीच ती घ्यायला नकार दिला, कारण ती चोरून केलेली. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबुप्रसादांनी घेतली. तिथं कन्नडवरून नागरी नक्कल करायला माणसं बसवली. त्यांतल्या सीताराम शास्त्रींनी स्वतःसाठी एक प्रत लपवून ठेवली! त्यावरून आरा, कारंजा, सागर, अमरावती अशा ठिकाणी प्रती गेल्या. मठाचा दरवाजा कुणी तोडला नाही. नक्कल करणाऱ्यांच्या पदरातून ग्रंथ बाहेर गेला.

छापायचं काम अमरावतीचे प्रोफेसर हिरालाल जैन यांनी घेतलं. पहिला भाग १९३९ साली निघाला, हिंदी अनुवादासकट. सगळे सोळा भाग व्हायला वीस वर्षं लागली. सुरुवातीला संपादकांच्या हाती ताडपत्रं नव्हती. ताडपत्रावरून कन्नड, कन्नडवरून नागरी, त्यावरून पुन्हा नागरी, अशी नकलेवरची नक्कल होती. प्रत्येक पायरीला एखादं अक्षर, एखादा शब्द गळायचाच. सारखे दोन शब्द शेजारी असले की डोळा एकावरून दुसऱ्यावर घसरतो, हे ज्यानं कधी वहीवरून वही उतरवलीय त्याला माहीत आहे.

पहिल्या भागातलं ९३ वं सूत्र मनुष्यिणीविषयी, म्हणजे मनुष्य-स्त्रीविषयी आहे. ती कोणत्या गुणस्थानांत नियमानं पर्याप्तच असते, हे त्यात सांगितलंय. चौथं म्हणजे नुसतं सम्यग्दर्शन, पाचवं म्हणजे श्रावकाची व्रतं. त्यापुढे ‘संजद’ हा शब्द हवा, म्हणजे संयत: सहावं आणि त्यावरची मुनींची गुणस्थानं, जी पुढे मोक्षापर्यंत जातात. प्रतींत हा शब्द नव्हता. त्याच्या आधी ‘संजदासंजद’ आहे, म्हणजे नजर घसरायला जागा होतीच.

तो हवा, हे संपादकांनी खालच्या टीपेत लिहिलं. त्यांचं कारण साधं होतं. वीरसेनांनी त्याच सूत्रावर एक शंका उभी केलीय: मग याच आधारानं द्रव्यस्त्रीला, म्हणजे शरीरानं स्त्री असलेल्या जीवाला, मोक्ष सिद्ध होईल ना? आणि उत्तर दिलंय की नाही, ती वस्त्र सोडू शकत नाही म्हणून. सूत्र पाचव्यावरच थांबलं असतं तर ही शंका निघालीच कुठून? म्हणजे आचार्यांच्या समोरच्या पोथीत तो शब्द होता. पुढे मूडबिद्रीची परवानगी मिळाली, ताडपत्राशी ताडून पाहिलं, आणि शब्द तिथं निघाला.

एवढ्यावर मिटायला हवं होतं. मिटलं नाही. ‘संजद’ ठेवला तर श्वेतांबरांचा स्त्रीमुक्तीचा पक्ष बळावेल, असं काही पंडितांना वाटलं. दुसरे म्हणाले, सूत्र भावस्त्रीविषयी आहे, वेदानं स्त्री पण शरीरानं पुरुष. मग शब्द ठेवायला भीती कसली? साप्ताहिकांत लेख आले, उत्तराला उत्तर म्हणून पुस्तिका निघाल्या. सोळा भागांचा ग्रंथ किती घरांत गेला असेल कोण जाणे, पण पुस्तिका मात्र मंदिरातल्या चौथऱ्यावरही वाचल्या जायच्या. आचार्य शांतिसागर महाराज, आपल्या भोजजवळच्या येळगूळचे, जन्म १८७२ चा. ताडपत्रं झिजतील म्हणून धवला ताम्रपटावर कोरून घ्यायचं काम त्यांच्या प्रेरणेनं सुरू झालं होतं. तांब्यावर ‘संजद’ कोरायचा की नाही, यावरूनही वाद पेटला.

पूर्वी असा प्रश्न निघताच नसता, निघालाच तर मठात मिटला असता. भट्टारक म्हणतील तो शब्द. आता टीप छापलेली, पान क्रमांक ठरलेला, सोलापूरचा आणि दिल्लीचा माणूस एकाच ओळीवर बोट ठेवून भांडू शकत होता. पण भांडणारे कोण? सगळे पुरुष, बहुतेक पंडित. जिच्या मोक्षाची चर्चा चालली होती तिला कुणी विचारलं नाही. सत्ता मठातून निघाली ती छापील पान वाचणाऱ्यांकडे गेली, आणि त्या वेळी आपल्या किती आज्या-पणज्यांना वाचता येत होतं, ते तुम्हीच आठवून बघा. आपल्या परंपरेत आर्यिका आजही पाचव्या गुणस्थानातच धरतात.

पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघानं ताडपत्राशी जुळवून सुधारलेली आवृत्ती काढली. तिच्यातलं ९३ वं सूत्र एकदा उघडा, खालची टीपही वाचा, आणि नंतर टीकेतली ती शंका बघा. गुरुजी सांगेपर्यंत थांबायचं कारण नाही. ती तुमच्या हातातल्या पानावर आहे.