दुसऱ्या अवकलजांच्या चिन्हांची कुळकथा

दोन चलांच्या फलनाचा आलेख म्हणजे उंचसखल भूपृष्ठ. त्यावर ज्या बिंदूशी दोन्ही पहिले आंशिक अवकलज शून्य होतात, म्हणजे जिथे जमीन क्षणभर सपाट होते, त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात. असा बिंदू शिखर असू शकतो, तळ असू शकतो किंवा खिंड असू शकते. खिंडीत एका दिशेने दोन्ही बाजूंना चढ असतो, तर दुसऱ्या दिशेने दोन्ही बाजूंना उतार. या तिघांपैकी नेमके काय आहे हे ठरवण्यासाठी आज दुसऱ्या अवकलजांचा आव्यूह मांडतात आणि त्याच्या आयगेन मूल्यांची चिन्हे पाहतात. दोन्ही धन असली तर तळ, दोन्ही ऋण असली तर शिखर, एक धन व एक ऋण असले तर खिंड. पाठ्यपुस्तकात हा नियम चार ओळींत संपतो. त्याचे तुकडे मात्र वेगवेगळ्या कामांतून आले आणि ते जुळून यायला पाऊणशेहून अधिक वर्षे गेली.

एका चलाचा प्रश्न लायब्निट्सच्या १६८४ च्या लेखापासून हाताळला जात होता: पहिला अवकलज शून्य आणि दुसरा धन असेल तर लघुतम, ऋण असेल तर महत्तम. लेओनार्ड ऑयलरने १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवकलनावरील ग्रंथात हाच विचार दोन चलांकडे नेला. x च्या दिशेने लघुतम आणि y च्या दिशेनेही लघुतम असेल तर बिंदू लघुतमच, अशी त्याची मांडणी होती. म्हणजे x बाबतचा आणि y बाबतचा दुसरा अवकलज एकाच चिन्हाचे असले की काम झाले. विचार इतका सरळ वाटतो की आजही पहिल्यांदा शिकणारा त्यावर विश्वास ठेवतो. पण तो चुकीचा आहे.

चूक कुठे आहे हे एका छोट्या फलनावरून दिसते:

f(x, y) = x² + 3xy + y²

आरंभबिंदूशी दोन्ही पहिले अवकलज शून्य आहेत. x बाबतचा दुसरा अवकलज २ आहे आणि y बाबतचाही २ आहे. x अक्षावरून चालले तर f = x², y अक्षावरून चालले तर f = y²; दोन्हीकडे चढ. आता y = −x या तिरक्या वाटेने निघावे. तिथे f = x² − 3x² + x² = −x², म्हणजे पहिल्या पावलापासून उतार. बिंदू तळ नाही, खिंड आहे. अक्षांवर उभे राहून ती दिसत नाही, कारण उतार अक्षांच्या मधोमध दडलेला आहे. त्याची खबर फक्त मिश्र अवकलज देतो, म्हणजे आधी x बाबत आणि मग y बाबत घेतलेला अवकलज. इथे तो ३ आहे आणि ऑयलरच्या कसोटीत त्याला जागाच नव्हती.

ती जागा मिळवून दिली जोझेफ लुई लाग्रांजने. तो तूरिनचा, वय तेव्हा २३. ऑयलरशी त्याचा पत्रव्यवहार आधीच सुरू झाला होता. तूरिनच्या विद्वत्सभेच्या संग्रहाच्या पहिल्या खंडात, १७५९ साली, त्याने महत्तम व लघुतम शोधण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला. क्रांतिक बिंदूपासून h आणि k इतके सरकले तर फलनातला बदल मुख्यतः एका द्विघाती रूपावर अवलंबून असतो, हे त्याने घेतले. दुसऱ्या अवकलजांना A, B, C म्हटले आणि त्यांपैकी B हा मिश्र मानला, तर ते रूप असे:

Ah² + 2Bhk + Ck²

प्रश्न एवढाच उरतो की h आणि k काहीही असले तरी या रूपाचे चिन्ह तेच राहते का. लाग्रांजने शाळेतली वर्ग पूर्ण करण्याची युक्ती वापरली:

A(h + Bk/A)² + (C − B²/A)k²

दोन्ही पदांत वर्ग आहेत आणि वर्ग ऋण होत नाहीत. म्हणून A धन आणि AC > B² असेल तर रूप कायम धन, बिंदू लघुतम. A ऋण आणि AC > B² असेल तर महत्तम. AC < B² असेल तर रूप दोन्ही चिन्हे घेते. वरच्या उदाहरणात AC = ४ आणि B² = ९; कसोटी खिंडीकडे बोट दाखवते. लाग्रांज दोन चलांवर थांबला नाही. हीच युक्ती कितीही चलांना लावता येते हेही त्याने दाखवले. कुळातला मूळ पुरुष निवडायचा झाला तर मान लाग्रांजचाच.

त्याच्या लेखात आयगेन मूल्ये मात्र नाहीत. ती आली आकाशातून. ग्रहांच्या कक्षा शतकानुशतके संथपणे कशा बदलतात, हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मोठा प्रश्न होता आणि लाग्रांज व लाप्लास दोघेही त्यावर काम करत होते. त्यातून एक समीकरण निघत असे. त्याची बीजे वास्तव असली तर कक्षा मर्यादेत डोलत राहतात. नसली तर बदल वाढत जाण्याचा धोका. ऑगस्टीन लुई कोशीने १८२९ मध्ये सिद्ध केले की सममित सहगुणकांपासून बनलेल्या अशा समीकरणाची सर्व बीजे वास्तवच असतात. ही बीजे म्हणजेच आजची आयगेन मूल्ये. कोशीचा मार्ग आपल्या विषयाला अगदी जवळचा होता: द्विघाती रूप एकक अंतरावर सर्व दिशांना फिरवून त्याची महत्तम व लघुतम किंमत शोधायची. त्या किमती हीच बीजे.

दोन चलांत हे उघड दिसते. A, B, B, C या चार जागांच्या आव्यूहाची आयगेन मूल्ये अशी मिळतात:

λ = [(A + C) ± √((A − C)² + 4B²)] / 2

वर्गमुळाखाली दोन वर्गांची बेरीज आहे. ती ऋण होणार नाही, म्हणून बीजे वास्तव. दोन्ही बीजांचा गुणाकार AC − B² येतो, म्हणजे लाग्रांजची अट ही खरे तर दोन्ही आयगेन मूल्यांची चिन्हे समान असण्याची अट आहे. शिवाय प्रत्येक मूल्याबरोबर एक दिशा मिळते. x² + 3xy + y² साठी मूल्ये ५ आणि −१ आहेत. ५ ची दिशा y = x, −१ ची दिशा y = −x. ऑयलरला न दिसलेली वाट आयगेन मूल्य नावानिशी दाखवते. लाग्रांजची कसोटी खिंड आहे एवढेच सांगते. कुठून चढायचे आणि कुठून उतरायचे हे यातून कळते.

या आव्यूहाला नाव मिळाले ते आणखी तिसऱ्याच घराण्यातून. क्योनिग्जबर्गचा ओटो हेसे १८४०च्या दशकात बीजगणितीय वक्रांचा अभ्यास करत होता. वक्राची वळणदिशा जिथे बदलते ते बिंदू शोधायला त्याने दुसऱ्या अवकलजांचा निर्धारक वापरला. शिखरे आणि तळ हा त्याचा विषय नव्हता. जेम्स जोझेफ सिल्व्हेस्टरने त्या निर्धारकाला हेसेचे नाव दिले आणि पुढे ते आव्यूहालाही चिकटले.

सिल्व्हेस्टरने याहून मोलाची भर १८५२ मध्ये घातली. चल बदलले, अक्ष तिरके केले, मोजमापाचे एकक बदलले, तरी द्विघाती रूपातल्या धन आणि ऋण वर्गांची संख्या बदलत नाही, हा त्याचा जडत्वाचा नियम. त्याचा अर्थ एका उदाहरणात पाहावा:

f(x, y) = x³ + y³ − 3xy

पहिले अवकलज 3x² − 3y आणि 3y² − 3x. दोन्ही शून्य केले तर y = x² आणि x = y², म्हणून क्रांतिक बिंदू दोनच: (0, 0) आणि (1, 1). दुसरे अवकलज 6x, −3 आणि 6y. आरंभबिंदूशी A = 0, B = −3, C = 0; आयगेन मूल्ये ३ आणि −३, म्हणजे खिंड. (1, 1) शी A = 6, B = −3, C = 6; मूल्ये ९ आणि ३, म्हणजे तळ, आणि तिथे f = −1. फलन शून्य असलेला वक्र, x³ + y³ = 3xy, हा देकार्तने १६३८ मध्ये अभ्यासलेला पानाच्या आकाराचा वक्र. तो स्वतःला छेदतो तो बरोबर खिंडीत, आणि त्याच्या पानाच्या आत तळ आहे. हा तळ स्थानिकच; y = 0 धरून x ऋण बाजूला नेला तर f कितीही खाली जाते.

आता x चे एकक बदलून x = u/2 घेतले तर (1, 1) च्या जागी A = १.५, B = −१.५, C = ६ येतात. मूल्ये ९ आणि ३ राहत नाहीत. ती सुमारे ६.४५ आणि १.०५ होतात. दोन्ही धन मात्र राहतात. म्हणून या कसोटीत आकड्यांपेक्षा चिन्हांना अर्थ आहे. कोणती वाट सर्वांत जास्त चढाची, हे तर निवडलेल्या एककांवर अवलंबून असते.

भूगोलाची भाषा या विषयात शोभेपुरती नाही. आर्थर केलीने १८५९ मध्ये समोच्चरेषांवर लिहिले आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७० मध्ये टेकड्या आणि दऱ्यांवर. शिखरे, तळ आणि खिंडी यांची संख्या परस्परांशी बांधलेली असते, हे मॅक्सवेलने मांडले. मार्स्टन मॉर्सने १९२५ मध्ये हा विचार कितीही चलांपर्यंत नेला. त्याने प्रत्येक क्रांतिक बिंदूवर ऋण आयगेन मूल्ये मोजली: दोन चलांत शून्य ऋण म्हणजे तळ, एक म्हणजे खिंड, दोन म्हणजे शिखर. ‘आयगेन’ हे विशेषण डेव्हिड हिल्बर्टच्या १९०४ च्या लेखनातून रूढ झाले. गणित त्याच्या फार आधीचे.

मॉर्सने एक अट ठेवली होती: कोणतेही आयगेन मूल्य शून्य नसावे. ही अट का लागते, याचे सर्वांत बोलके उत्तर पुन्हा तूरिनमधून आले. जुझेप्पे पेआनोने १८८४ मध्ये आपले गुरू जेनोकी यांच्या नावे तयार केलेल्या कलनशास्त्राच्या पुस्तकात, त्या काळच्या नामवंत ग्रंथांतली एक समजूत मोडून काढली: आरंभबिंदूतून जाणाऱ्या प्रत्येक सरळ रेषेवर लघुतम असेल तर फलनही तिथे लघुतम. त्याच्या उदाहरणाचे साधे रूप असे:

g(x, y) = (y − x²)(y − 2x²)

आरंभबिंदूशी आयगेन मूल्ये २ आणि ०. y = mx या रेषेवर g = x²(m − x)(m − 2x); m शून्य नसेल तर x लहान असताना हे धन आहे. y = 0 वर g = 2x⁴ आणि x = 0 वर g = y², तेही धन. प्रत्येक सरळ वाट चढतीच आहे. पण दोन अन्वस्तांच्या मधून, y = 1.5x² या वाकड्या वाटेने गेले तर g = −0.25x⁴. x = 0.1 आणि y = 0.015 घेतले की g = −0.000025, शून्याच्या खाली. शून्य आयगेन मूल्याच्या दिशेला द्विघाती रूप गप्प असते आणि निर्णय पुढच्या घातांच्या पदांकडे जातो.

संगणकावर हीच अडचण वेगळ्या रूपात येते. गणनेतून 0.0000000001 असे मूल्य आले तर ते खरोखर धन आहे की पूर्णांकनाच्या चुकीने धन दिसते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. शून्य किंवा शून्याला चिकटलेले मूल्य आले की कसोटी अनिर्णित आहे असेच लिहावे, आणि मूळ फलन वाकड्या वाटांनीही तपासावे.